31 ऑक्टोबरच्या रात्री ट्रेमध्ये उरलेली काजूकतली

2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं आणि भाऊबीज 3 नोव्हेंबरला. मिठाईच्या दुकानासाठी ही तारखांची मोठी अडचण. दिवाळीचा माल ऑक्टोबरात तयार झालेला, अर्धीअधिक विक्री ऑक्टोबरात झालेली, आणि ऐन गर्दीत महिना संपला. ऑक्टोबरात नफा किती झाला, असं मालकाने विचारलं तर उत्तर काय द्यायचं? हिशेबशास्त्रातलं जुळणी तत्त्व याच प्रश्नाचं उत्तर देतं: ज्या विक्रीसाठी खर्च झाला, त्या विक्रीसमोर तो खर्च मांडायचा. पैसे कोणत्या तारखेला दिले, यावर ते ठरत नाही.

एकच मिठाई घेऊन पाहू. आकडे मी सोयीसाठी गोल धरले आहेत. समजा, दुकानाने सप्टेंबरमध्ये, भाव चढायच्या आत, 2,40,000 रुपयांचे काजू रोखीने घेतले. ऑक्टोबरात साखर, तूप, वर्ख आणि गॅसवर 20,000 रुपये गेले, आणि सणापुरते बोलावलेल्या कारागिरांची मजुरी 40,000 रुपये झाली. एकूण 3,00,000 रुपयांत 500 किलो काजूकतली तयार झाली. म्हणजे एक किलो दुकानाला 600 रुपयांना पडली. विकायचा भाव 1,000 रुपये. ऑक्टोबरात 350 किलो गेली, नोव्हेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत 120 किलो. भाऊबीजेनंतर 30 किलो उरली. तिच्यातली 20 किलो 500 रुपयांनी काढली आणि 10 किलो टाकून द्यावी लागली.

आता पैसे आले-गेले तसा हिशेब मांडला तर काय दिसतं? सप्टेंबरात 2,40,000 रुपयांचा तोटा, ऑक्टोबरात 2,90,000 रुपयांचा नफा, आणि नोव्हेंबरात आलेले 1,30,000 रुपये सगळेच नफा, कारण त्या महिन्यात खर्चच नाही. तिन्ही महिन्यांची बेरीज 1,80,000 रुपये येते आणि ती बरोबर आहे. पण एकेका महिन्याचं चित्र साफ खोटं आहे. सप्टेंबरात दुकानाने काहीच गमावलं नव्हतं. रोकड जाऊन तिच्या जागी गोदामात काजूची पोती आली होती, एवढंच.

जुळणीने पाहिलं तर सप्टेंबरात या कतलीचा खर्च शून्य. काजू ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतात. ऑक्टोबरात कारागिरांना मजुरी दिली, तीही लगेच खर्चात पडत नाही. ती कतलीच्या किमतीत मुरते आणि कतलीबरोबर ट्रेमध्येच राहते. गिऱ्हाइकाच्या हातात डबा पडला की त्या किलोचे 600 रुपये खर्च होतात. म्हणून ऑक्टोबरात 3,50,000 रुपयांच्या विक्रीसमोर 2,10,000 रुपयांचा खर्च आणि 1,40,000 रुपयांचा ढोबळ नफा. 31 तारखेच्या रात्री ट्रेमध्ये उरलेली 150 किलो कतली 90,000 रुपयांचा अखेरचा साठा म्हणून नोव्हेंबरात जाते.

600 रुपयांत काय धरायचं, हेही ठरवून घ्यावं लागतं. थापलेला गोळा शंकरपाळी आकारात कापला की कडेचे तुकडे निघतात. ते दर घाण्याला निघतातच, त्याशिवाय कतली होत नाही, म्हणून त्यांची किंमत चांगल्या मालावरच चढते. पण एखादी कढई कारागिराचं लक्ष नसताना करपली, तर तो अवाजवी नाश. त्याची किंमत उरलेल्या मालावर चढवायची नाही, त्या महिन्याच्या खर्चात सरळ टाकायची. नाहीतर करपलेली कढई ताळेबंदात माल म्हणून मिरवत राहील. दुकानाचं भाडं आणि गल्ल्यावरच्या माणसाचा पगार हे खर्च कोणत्याही किलोला चिकटत नाहीत. ते ज्या महिन्याचे, त्या महिन्यात.

आता उरलेल्या 30 किलोंकडे येऊ, कारण इथे जुळणीला दुसरा एक नियम अडवतो. साठ्याबद्दलच्या हिशेब मानकांचं म्हणणं असं, की साठा त्याच्या खर्चाला किंवा तो विकून हाती येईल त्या निव्वळ रकमेला दाखवायचा, दोन्हींत जी कमी असेल तिला. समजा, 31 तारखेच्या रात्रीच मालकाला दिसतंय की ऑर्डरी आणि गिऱ्हाईक धरून 120 किलोच खपेल, 20 किलो निम्म्या भावात काढावी लागेल आणि 10 किलो वाया जाईल. मग त्या 30 किलोंचे 18,000 रुपये दाखवता येत नाहीत, 10,000 रुपयेच दाखवायचे. उरलेला 8,000 रुपयांचा तोटा ऑक्टोबरातच धरायचा, नोव्हेंबरच्या विक्रीची वाट पाहायची नाही. ऑक्टोबरचा नफा 1,32,000 होतो, नोव्हेंबरचा 48,000. बेरीज पुन्हा 1,80,000 रुपये. मला हा नियम पटतो. जो माल पैसे परत आणणार नाही, त्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या माथी मारणं ही जुळणी नव्हे.

आगाऊ पैशाचंही असंच. एखाद्या कार्यालयाने 28 ऑक्टोबरला 50 किलोंचे 50,000 रुपये भरले आणि डबे 2 नोव्हेंबरला नेले, तर ती विक्री नोव्हेंबरची. ऑक्टोबरच्या अखेरीला ते पैसे दुकानाचं देणं असतात. आधी विक्री कधी झाली हे ठरतं, मग तिच्यामागोमाग खर्च जातो. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो.

घोळ झालाय हे ओळखायचं कसं? ढोबळ नफ्याचं प्रमाण पाहायचं. एका किलोवर 1,000 पैकी 400 रुपये सुटतात, म्हणजे पूर्ण भावाने विक्री झालेल्या महिन्यात ते 40 टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. पैशाच्या हिशेबात ऑक्टोबरचं प्रमाण जवळजवळ 83 टक्के येतं आणि नोव्हेंबरचं 100. असा आकडा दिसला की कुठला तरी खर्च आपल्या विक्रीपासून तुटलाय असं समजावं. साठा मोजताना झालेली चूक वेगळी दिसते. त्या रात्री फ्रिजमागच्या रॅकवरचे 20 किलोंचे ट्रे मोजायचे राहिले, तर ऑक्टोबरचा नफा 12,000 रुपयांनी घटतो आणि नोव्हेंबरचा नेमका तेवढाच वाढतो. एका महिन्याचं प्रमाण दबलेलं आणि लगेच पुढच्याचं फुगलेलं दिसलं, की आधी मोजणीचा कागद काढावा.

ही मांडणी जुनी आहे. अमेरिकेत 1940 साली विल्यम पेटन आणि ए. सी. लिटलटन यांनी खर्चाला प्रयत्न आणि विक्रीला त्याचं फळ मानून दोन्ही समोरासमोर ठेवण्यावर हिशेबाची सगळी इमारत उभी केली. नंतर मात्र या तत्त्वाला लगाम लागला. आंतरराष्ट्रीय हिशेब मानक मंडळाच्या 2018 च्या संकल्पनात्मक चौकटीनुसार जुळणी हे स्वतंत्र उद्दिष्ट नाही. जी गोष्ट मालमत्तेच्या व्याख्येत बसत नाही, तिला केवळ जुळणीसाठी ताळेबंदात ठेवता येत नाही.

दुकानात याचा अर्थ सरळ आहे. ऑक्टोबरात चौकात लावलेल्या फलकाचे 15,000 रुपये घ्या. तो फलक वाचून 3 नोव्हेंबरलाही कोणीतरी कतली न्यायला आलं असेल. पण किती किलो फलकामुळे गेली आणि किती नेहमीच्या गिऱ्हाइकांनी नेली, हे कोणालाच मोजता येत नाही. ट्रेमधली कतली 31 तारखेच्या रात्री तराजूवर ठेवता येते, फलकाचा उरलेला परिणाम ठेवता येत नाही. म्हणून 15,000 रुपये सगळेच ऑक्टोबरच्या खर्चात जातात.