सिरप आणि स्क्वॉश: साखर पाकात मोजू नका, बाटलीत मोजा

दर मे महिन्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: "सायट्रिक ॲसिड घातलं होतं, तरी सरबत फसफसलं!" फसफसणारच. यीस्टला आंबट चालतं. सायट्रिक ॲसिडने चव येते, साखरेचे खडे होत नाहीत, बरेचसे जिवाणू दबतात. यीस्ट मात्र त्याला दाद देत नाही. त्याला अडवते ती भरपूर साखर, नाहीतर प्रिझर्व्हेटिव्ह.

सिरप आणि स्क्वॉश यांतला खरा फरक इथेच आहे. सिरपमध्ये वजनाने साधारण ६५ टक्के साखर असते आणि ती स्वतःच राखण करते. स्क्वॉशमध्ये ४०-४५ टक्केच असते, त्यामुळे त्याला आधार लागतो. रंग, दाटपणा, ग्लासात किती घालायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

घोळ होतो तो असा. वाशीच्या मार्केटातून अननस आणले, गाळून एक लिटर रस निघाला. एक किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी घेऊन पाक केला. त्यात साखर ६७ टक्के, म्हणजे झकास. मग त्या पाकात तो लिटरभर रस ओतला. रसात स्वतःची साखर जेमतेम बारा-तेरा टक्के, बाकी बहुतेक पाणीच. बाटलीत उरली ४४ टक्के. घरी सगळे त्याला सिरप म्हणतात, पण झाला तो स्क्वॉश, आणि ठाण्याच्या उकाड्यात ओट्यावर ठेवलात तर थोड्याच दिवसांत झाकण फुगतं, उघडताना फुस्स होतं, वर बारीक फेस चढतो. घट्ट बंद काचेची बाटली फुटूही शकते.

सिरपच हवं असेल तर वरचं पाणी घालूच नका. त्याच लिटरभर रसात पावणेदोन किलो साखर विरघळवून एक उकळी आणा, दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला आणि गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत काठोकाठ भरा. अर्धवट भरून झाकण लावलंत तर वाफेचे थेंब वरच्या थरावर पडतात, तेवढा थर पातळ होतो आणि बुरशी तिथूनच धरते.

इतकं गोड नको असेल तर खुशाल स्क्वॉश करा, मलाही तोच आवडतो, कारण उकळलेल्या अननसाला मुरंब्याचा वास येतो. फक्त छोट्या बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवायचा तर पाक गार झाल्यावर तयार स्क्वॉशच्या किलोला अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, चमचाभर रसात विरघळवून. गरम पाकात घातलं तर त्याचा वायू उडून जातो. हे ग्रॅमच्या काट्यावरच मोजा, 'चिमूटभर' हे माप नव्हे. घरात कुणाला दमा असेल तर हे टाळा. कोकम-जांभळालाही नको, रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट. ते आंबटातच नीट काम करतं, तेव्हा सायट्रिक ॲसिड त्याच्या जोडीला हवंच.