‘31 तारखेपर्यंत’ म्हणजे 31 धरून का?

फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखे यांवर आमच्या दुकानात सेल लागला की शेवटच्या दोन दिवसांत एकच प्रश्न फोनवर सारखा येतो: “ऑफर 31 पर्यंत आहे ना, मग 31ला आलो तर चालेल का?” चालेल. आमच्या फलकावर, जाहिरातीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात ‘31 पर्यंत’ असेल तर 31 हा दिवस त्यात धरलेला आहे.

ही काही आमची मेहेरबानी नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 9 मध्ये दिवस कसे मोजायचे ते सांगितलंय. मुदत ‘अमुक तारखेपासून’ असेल तर तो पहिला दिवस सोडायचा, ‘तमुक तारखेपर्यंत’ असेल तर तो शेवटचा दिवस धरायचा. हा कायदा मुळात संसदेच्या कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आहे. दुकानाच्या फलकाला तो थेट लागू होत नाही, पण व्यवहारात आपण सगळे ‘पर्यंत’चा अर्थ तोच घेतो, आणि आम्हीही तोच घेतो. ‘31 पूर्वी’ असं छापलं असेल तर मात्र 30 हाच शेवटचा दिवस. म्हणून आम्ही ‘पूर्वी’ छापतच नाही.

दिवस धरला, तरी तो किती वाजता संपतो? खरी भांडणं इथेच होतात. दुकान सकाळी 10 ते रात्री 9 उघडं असतं, तेव्हा दुकानातली ऑफर 31ला रात्री 9 वाजता संपते. शटर बंद झाल्यावर “अजून बारा वाजले नाहीत” म्हणून उपयोग नाही. 1872 च्या करार कायद्याचाही रोख असाच आहे: ठरलेल्या दिवशी एखादी गोष्ट मागायची तर ती कामकाजाच्या नेहमीच्या वेळेत मागावी. मात्र 9 च्या आत जो दुकानात आला, त्याचं बिल सव्वानऊला झालं तरी भाव ऑफरचाच लागेल. वेबसाइटवरून घेणाऱ्यांसाठी आम्ही ‘31 तारीख, रात्री 11:59’ असं लिहितो. ‘31 रोजी रात्री 12 पर्यंत’ असं कुठे दिसलं तर तिथे आधीच विचारून घ्या. ते बारा 30 ची रात्र संपतानाचे की 31 ची, यावर दोघेही आपापलं खरं करू शकतात.

एक उदाहरण घेऊ. 32,000 रुपयांच्या फ्रिजवर 10 टक्के सूट आहे, म्हणजे फ्रिज 28,800 ला. तुम्ही 31ला रात्री साडेआठला आलात, मॉडेल पसंत केलंत, पण तो रंग गोडाऊनमध्ये नाही, 2 तारखेला येणार. अशा वेळी 2,000 रुपये आगाऊ भरा आणि पावती घ्या. पावतीवर 31 ही तारीख, मॉडेल नंबर आणि 28,800 हा भाव, तिन्ही असले पाहिजेत. मग माल 2ला घरी आला आणि बिलावर 2 तारीख पडली तरी उरलेले 26,800 च द्यायचे. नुसतं “ठेवून द्या, उद्या येतो” म्हणून गेलात तर भाव ठरला असं आम्ही धरत नाही.

कंपनीचा कॅशबॅक किंवा बँकेच्या कार्डावरची सूट यांत आमच्या हातात काही नसतं. कंपनी बहुधा बिलाची तारीख पाहते, बँक कार्डाचा व्यवहार कधी झाला ते पाहते. वरच्या उदाहरणात आमची 10 टक्के सूट मिळेल, पण बिल 2 तारखेचं असल्यामुळे कंपनीचा कॅशबॅक हुकू शकतो. त्यासाठी थांबला असाल तर पावती फाडण्याआधी काउंटरवर सांगा, आम्ही दुसरा रंग किंवा दुसरं मॉडेल तयार आहे का ते पाहू.

सोमवारी आमची सुट्टी. शेवटची तारीख सोमवारी आली तर? न्यायालय किंवा सरकारी कचेरी शेवटच्या दिवशी बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी काम करता येतं, अशी सोय जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्याच कलम 10 मध्ये आहे. दुकानांना ती लागू नाही. तरी ज्या दिवशी शटरच उघडणार नाही तो दिवस ऑफरमध्ये मोजणं आम्हाला बरं वाटत नाही. चुकून तशी तारीख छापली गेलीच तर मंगळवारी रात्री 9 पर्यंत भाव तोच राहील.

बदलीची मुदतही अशीच मोजतो. ‘खरेदीच्या तारखेपासून 7 दिवसांत बदलून मिळेल’ असं बिलामागे लिहिलंय. 24ला मिक्सर घेतला तर 24 सोडून 25 हा पहिला दिवस, आणि 31ला रात्री 9 पर्यंत तो बदलता येईल. फक्त खोका आणि बिल सोबत आणा. बिल नसेल तर 24 तारीख आम्ही कशावरून धरायची?

फलकावर ‘साठा असेपर्यंत’ असं लिहिलेलं असेल त्या मालाला मात्र वरचं काही लागू नाही. तो 31 च्या आधीही संपू शकतो, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा.