दिरियाचा करार आणि खजुराच्या पिकावरचा ‘कानून’

सौदी अरेबियाने जानेवारी २०२२ मध्ये फर्मान काढून २२ फेब्रुवारी हा स्थापनादिन म्हणून जाहीर केला आणि त्यासाठी १७२७ हे साल धरले. त्या वर्षी दिरिया गावाची सत्ता मुहम्मद इब्न सौदकडे आली. त्याआधी बहुतेक ग्रंथांत पहिल्या सौदी राज्याचा आरंभ १७४४ असा दिलेला असे. संतपूजेविरुद्ध उठलेला धर्मोपदेशक मुहम्मद इब्न अब्द अल-वहाब आणि दिरियाचा हाच अमीर यांनी एकमेकांना शब्द दिला, तो त्या सुमारास. या सतरा वर्षांच्या फरकात एक मोठा वाद दडलेला आहे: राज्य कुळाने उभारले की धर्मोपदेशाने? अमीर आधीपासून होता हे खरेच आहे, पण मध्य अरबस्तानातील नज्द प्रदेशात त्याच्यासारखे अमीर गावोगावी होते. त्यांतला एकच पुढे मक्केपर्यंत का पोहोचला, याचे उत्तर १७४४ कडे पाहिल्याशिवाय मिळत नाही.

उपदेशकाचा जन्म १७०३ चा, उयैना गावच्या काझी घराण्यातला. मदिना आणि बसरा येथे शिकून तो परतला, तेव्हा त्याचा मुद्दा ठरलेला होता. नवस, धावा, बळी आणि आसरा हे सारे उपासनेचे प्रकार असून ते केवळ अल्लाहसाठी आहेत. कबरीतल्या पुण्यपुरुषाकडे, पवित्र मानलेल्या झाडाकडे किंवा दगडाकडे ते वळवले की माणूस एकेश्वरवादातून बाहेर पडतो. कबरीला भेट देणे वेगळे आणि कबरीतल्याला हाक मारणे वेगळे, हा भेद त्याच्या लेखी निर्णायक होता. दर्ग्यातील पीर केवळ मध्यस्थ आहे, देणारा देवच, असे भक्त म्हणत. त्यावर मक्केचे मूर्तिपूजकही आपल्या दैवतांना मध्यस्थच म्हणवत होते, असे त्याचे उत्तर होते. वाद पेटला तो या उत्तरामुळे. दर्ग्यातील अतिरेकावर टीका करणारे विद्वान त्या काळी अनेक होते, पण तसा अतिरेक करणाऱ्याला धर्माबाहेर ठरवून त्याच्याशी युद्ध वैध मानणे त्यांच्यातल्या बहुतेकांना मान्य नव्हते. त्याच्या सख्ख्या भावाने याच मुद्द्यावर त्याच्याविरुद्ध लिहिले.

पहिली युती दिरियाशी झालीच नव्हती, हे अनेकदा विसरले जाते. ती उयैनाच्या अमीराशी झाली होती, आणि अमीराच्या घराण्यातील स्त्रीशी उपदेशकाचा विवाह झाल्याने ती सोयरिकीनेही बांधलेली होती. जुबैला येथे दुसऱ्या खलिफाच्या भावाची कबर होती. सातव्या शतकातील यमामाच्या लढाईत पडलेल्या त्या वीरावर घुमट बांधलेला होता आणि आसपासचे लोक तिथे गाऱ्हाणी घेऊन येत. बखरकार सांगतो की घुमट पाडायला अमीर सुमारे सहाशे माणसे घेऊन गेला, पण त्याने स्वतः हात लावायला नकार दिला. तेव्हा उपदेशकाने हत्यार घेतले आणि पहिला घाव घातला. कबरीच्या कोपाची भीती अमीरालाही वाटत होती, हे त्या एका नकारातून दिसते.

मात्र ही युती कोपामुळे मोडली नाही, ती पैशामुळे मोडली. पूर्व किनाऱ्यावरील अल-हसा प्रांत बनू खालिद टोळीच्या ताब्यात होता आणि उयैनाच्या अमीराचे तिथे उत्पन्न होते. या माणसाला दूर कर, नाहीतर उत्पन्न थांबेल, असा निरोप तिथल्या प्रमुखाने धाडला. अमीराने उपदेशकाला गाव सोडायला सांगितले. तो दिरियाला आला आणि एका शिष्याच्या घरी उतरला. दिरियाच्या अमीराचे भाऊ उपदेशकाच्या बाजूचे होते. बखरीनुसार अमीराच्या पत्नीने त्याला सांगितले, की हा माणूस म्हणजे देवाने धाडलेली संधी आहे. आणि त्याला वाड्यात न बोलावता स्वतः त्याच्याकडे जावे, असेही सुचवले गेले.

तिथे अमीराने दोन अटी घातल्या. पहिली, विजय मिळाल्यावर उपदेशकाने दिरिया सोडून दुसरीकडे जाऊ नये. दुसरी, पीक पिकते तेव्हा गावकऱ्यांकडून आपण जो ‘कानून’ घेतो, त्याला त्याने आडकाठी करू नये. आपण या शब्दाचा अर्थ कायदा असा करतो, पण इथे कानून म्हणजे रूढीने चालत आलेला पिकावरचा हिस्सा, मुख्यतः खजुरावरचा. पहिल्या अटीला उपदेशकाने तत्काळ होकार दिला: रक्ताला रक्त, विध्वंसाला विध्वंस, म्हणजे तुमचे जे होईल ते माझे होईल. दुसरीला उत्तर आले ते वेगळेच: कदाचित अल्लाह तुम्हाला असे विजय देईल, की त्यांची लूट या हिश्श्यापेक्षा चांगली ठरेल.

या एका वाक्यावर अभ्यासकांची दोन मते आहेत. शरियतनुसार मुसलमानांकडून राज्यकर्त्याला जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान, घेता येते. त्यापलीकडचे रूढ कर शरियतला धरून नसतात. कबरीवरचा नवस निषिद्ध म्हणणाऱ्याने अमीराच्या बेकायदा हिश्श्यावर मौन धरले, ही तडजोड आहे, असे एक मत. त्याने हिश्श्याला संमती दिली नाही, फक्त भांडण टाळून तो गळून पडण्याची वाट पाहिली, असे दुसरे. मला दुसरे वाचन शब्दांच्या जवळचे वाटते. पण त्याची किंमत कोणी मोजली हेही पाहिले पाहिजे. हिश्श्याऐवजी लूट, याचा अर्थ दिरियाच्या शेतकऱ्याचे ओझे शेजारच्या गावांवर जाणे, आणि ती गावे मुळात मुसलमानांचीच. त्यांना बहुदेववादी ठरवल्याशिवाय ती लूट वैध होत नव्हती. सिद्धांत आणि तिजोरी यांची सांगड इथे बसली. तरी एक सावधगिरी हवी: समकालीन बखरीत हा प्रसंग थोडक्यात येतो, अटींचा तपशील एकोणिसाव्या शतकातील बखरीतून मिळतो, आणि तोवर लूट खरोखर मोठी झालेली होती.

पुढची वाट सोपी नव्हती. उयैनाचा जुना अमीर पुन्हा चळवळीकडे वळला, पण त्याच्या निष्ठेविषयी संशय राहिला आणि १७५० च्या सुमारास शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीतच त्याला ठार करण्यात आले. जवळच्या रियाधने तर १७७३ पर्यंत दाद दिली नाही.

उपदेशकासारखाच १७०३ साली जन्मलेला आणि मदिनेतच काही काळ शिकलेला दिल्लीचा एक विद्वानही कबरींवरील अतिरेकाविरुद्ध लिहीत होता. तो मात्र स्वतः सूफी परंपरेतला होता. मराठ्यांविरुद्ध अहमदशाह अब्दालीला बोलावणारे त्याच्या नावावरचे पत्र पानिपतच्या चर्चेत नेहमी येते. त्या पत्राचा परिणाम किती, हा वेगळा वाद आहे. पण त्याला दिरियासारखा, एका गावात बसून आपला सिद्धांत राबवणारा अमीर मिळाला नाही.

‘वहाबी’ हे नाव विरोधकांनी दिले, तेही उपदेशकाच्या वडिलांच्या नावावरून. अनुयायी स्वतःला एकेश्वरवादी म्हणवत. ब्रिटिश हिंदुस्थानात हेच नाव १८६४ पासूनच्या अंबाला आणि पाटण्याच्या खटल्यांत राजद्रोहाचा शिक्का बनले, आणि तिथे ज्यांच्यावर ते लागले त्यांचा नज्दशी थेट संबंध नव्हता.

दिरियाचे राज्य १८०३ मध्ये मक्केत शिरले, त्यानंतर मदिनेत. मदिनेच्या बकी कब्रस्तानातील घुमट पाडले गेले. इजिप्तच्या फौजेने सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर १८१८ मध्ये दिरिया घेऊन उद्ध्वस्त केली. घुमट पुन्हा बांधले गेले आणि मक्का-मदिनेचा हिजाज प्रदेश सौदींच्या हाती आल्यावर १९२६ च्या सुमारास ते पुन्हा पाडले गेले. त्यावरून हिंदुस्थानातील खिलाफतवाद्यांत फूट पडली. दिरियाच्या तुरैफ भागातील मातीच्या विटांचे वाडे २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बकीत आज घुमट नाही. कबरींच्या उशाशी फक्त ओबडधोबड दगड आहेत, आणि त्यांवर नावे कोरलेली नाहीत.