कागदाचा रंग वजा केल्यावर उरणारी शाई: स्कॅनमधल्या अक्षरांच्या खऱ्या रंगामागची पार्श्वभूमी

पिवळ्या पडलेल्या कागदावरची निळी शाई स्कॅनमध्ये निळी दिसत नाही, मळकट राखाडीकडे झुकते. शाई बदललेली नसली तरी असं होतं. प्रकाश शाईच्या थरातून खाली जातो, कागदाच्या तंतूंत विखुरतो आणि पुन्हा शाईतून वर येतो. वाटेत कागद निळा प्रकाश खाऊन टाकतो, त्यामुळे अक्षराच्या पिक्सेलमध्ये शाई आणि कागद या दोघांचा हिशेब एकत्र नोंदला जातो. तो हिशेब वेगळा करण्याची कल्पना स्कॅनरपेक्षा फार जुनी आहे, आणि तिचे दोन प्रवाह आहेत. आजही बहुतेक चुका या दोन प्रवाहांची गल्लत झाल्यामुळे होतात.

पहिला प्रवाह गाळणीचा. प्रकाश शोषणाऱ्या माध्यमाचा प्रत्येक समान थर आलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा काढून घेतो, हे पिएर बुगे यांनी १७२९ मध्ये मांडलं. लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये त्याला गणिती रूप दिलं आणि बेअर यांनी १८५२ मध्ये रंगीत द्रावणांच्या तीव्रतेशी ते जोडलं. थर एकावर एक आले की त्यांची प्रमाणं गुणली जातात, म्हणून त्यांचे लॉगरिदम बेरजेने वागतात. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये फोटोग्राफिक प्लेटसाठी याच लॉगरिदमी मापाला डेन्सिटी म्हणून रूढ केलं. पुढे छपाईत डेन्सिटोमीटर आलं आणि त्याच्यासोबत एक साधी सवय आली: आधी कोऱ्या कागदावर यंत्र शून्यावर आणायचं, मग शाई मोजायची. कागदाची डेन्सिटी वजा झाली की उरते ती शाईची. स्कॅनमधल्या मूल्याला कागदाच्या मूल्याने भागणं ही तीच वजाबाकी आहे, फक्त लॉगरिदम न घेता केलेली.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पिवळट कागदाचं स्कॅनमधलं मूल्य लाल २२५, हिरवा २०५, निळा १६५ आहे. जाड रेघेच्या मध्यभागी ४५, ६०, ९५ मिळतात. स्कॅन साठवताना लावलेला एसआरजीबी वक्र काढून ही मूल्यं प्रकाशाच्या प्रमाणात, म्हणजे रेषीय, आणली की कागद ०.७५३, ०.६११, ०.३७६ आणि रेघ ०.०२६, ०.०४५, ०.११४ होते. भागाकार येतो साधारण ०.०३५, ०.०७४, ०.३०४. पुन्हा एसआरजीबीत नेल्यावर रंग मिळतो ५२, ७७, १५०. म्हणजे ९५ वर अडकलेला निळा १५० वर गेला, लाल मात्र जेमतेम सात अंकांनी हलला. डेन्सिटीच्या भाषेत तेच असं दिसतं: निळ्या चॅनेलमध्ये रेघेची डेन्सिटी ०.९४ होती, त्यातली ०.४२ कागदाचीच होती. लाल चॅनेलमधल्या १.५८ पैकी कागदाचा वाटा फक्त ०.१२.

```python
# दोन्ही मूल्ये रेषीय; flare = स्कॅनरमधला भटका प्रकाश
ink = (scan - flare) / (paper - flare)
```

इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. वक्र न काढता थेट भागलं तरी उत्तर ५१, ७५, १४७ येतं, म्हणजे जवळपास तेच. गॅमा, म्हणजे असा वक्र, हा मुळात घात असतो आणि घाताचा भागाकार तसाच टिकतो. एसआरजीबीचा वक्र अगदी शुद्ध घात नसल्यामुळे तेवढा फरक पडतो. त्यावरून रेषीय करण्याची गरजच नाही असं वाटू लागतं. ती गरज कुठे आहे ते दुसऱ्या प्रवाहात कळतं.

दुसरा प्रवाह झाकण्याचा. हाफटोन छपाईत शाई पातळ किंवा जाड नसते. ती ठिपक्यांत असते किंवा नसते. १९३६ मध्ये मरे यांनी प्रसिद्ध केलेल्या आणि डेव्हिस यांचंही नाव जोडल्या गेलेल्या सूत्रात परावर्तन हे शाईने झाकलेला भाग आणि उघडा कागद यांचं क्षेत्रफळानुसार मिश्रण मानलं आहे. स्कॅनमधल्या अक्षराची कड नेमकी अशीच असते. ३०० डीपीआयला एक पिक्सेल सुमारे ०.०८५ मिमीचा, म्हणजे ०.२ मिमीची रेघ अडीच पिक्सेलही भरत नाही. तिच्या दोन्ही कडांचे पिक्सेल अर्धे शाई, अर्धे कागद.

वरच्याच शाईने निम्मा झाकलेला पिक्सेल घेतला आणि त्याला कागदाने भागलं, तर १९०, १९४, २११ असा फिकट निळसर राखाडी मिळतो. हा शाईचा रंग नाही; भागाकाराने कागदाची छटा गेली, पण कोऱ्या भागाचा पांढरेपणा राहिला. अक्षरांचा मुखवटा, म्हणजे कोणते पिक्सेल शाईचे याचा नकाशा, तयार करून त्यातल्या सगळ्या पिक्सेलची सरासरी घेणाऱ्या पद्धती म्हणूनच नेहमी फिकट रंग देतात, आणि बारीक अक्षरांवर जास्तच फिकट. रेषीय मूल्यांची गरजही इथेच लागते. त्या निम्म्या झाकलेल्या पिक्सेलचं लाल मूल्य स्कॅनमध्ये १६८ असतं. कागद २२५ आणि शाई ४५ यांच्यात ते सरळ मोजलं तर झाकण ३२ टक्के वाटेल, प्रत्यक्षात ते ५० टक्के आहे.

मग दिलेल्या पानावर कोणता प्रवाह लागू आहे हे कसं ओळखायचं? एका शब्दाचे पिक्सेल आलेखावर मांडावेत. मिश्रण असेल तर रेषीय मूल्यांत ते कागदापासून शाईपर्यंत सरळ रेषेत पडतात. गाळणी असेल, म्हणजे बोरूच्या किंवा फाउंटन पेनच्या रेघेत शाई कुठे पातळ, कुठे दाट साचली असेल, तर ते डेन्सिटीत सरळ रेषेत येतात. हस्तलिखितात बहुधा दोन्ही मिसळलेलं असतं: रेघेच्या पोटात गाळणी, कडेला मिश्रण.

या दोन टोकांमधला पूल १९५१ मध्ये यूल आणि नीलसन यांनी बांधला. कागदात शिरलेला प्रकाश आडवा पसरतो आणि कोऱ्या भागातून आत गेलेला किरण शाईखालून बाहेर येऊ शकतो, म्हणून ठिपके त्यांच्या क्षेत्रफळाच्या हिशेबापेक्षा गडद दिसतात. त्यांनी परावर्तनाला १/n असा घात लावला. n एक असेल तर मरे-डेव्हिस सूत्रच मिळतं. हा n वाढवत नेला तर गणित लॉगरिदमी मिश्रणाकडे सरकतं. प्रकाश कागदात पूर्ण पसरत असेल तर सैद्धांतिक मूल्य दोन. अक्षराच्या कडेचा आलेख रेषीय मूल्यांतही वाकडा आणि डेन्सिटीतही वाकडा दिसला, तर बहुधा हेच कारण असतं.

संगणकावर पानं वाचायला लागल्यावर हा धागा बराच काळ सुटला. एका उंबरठ्याने पानाचे शाई आणि कागद असे दोन भाग करणारी ओत्सू यांची १९७९ ची पद्धत आणि नंतरची स्थानिक उंबरठ्याची तंत्रं शाई कुठे आहे एवढंच विचारत होती. रंगाचा प्रश्न चित्रपटाच्या बाजूने परत आला. पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्ये झाकणाचं प्रमाण हे प्रत्येक पिक्सेलचं चौथं मूल्य म्हणून वापरून प्रतिमा एकमेकांवर बसवण्याचे नियम मांडले. स्मिथ आणि ब्लिन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की एकाच पार्श्वभूमीवरून पुढच्या वस्तूचा रंग आणि तिचं झाकण दोन्ही निश्चित सांगता येत नाहीत: तीन समीकरणं, चार अज्ञात. तीच वस्तू दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर मिळाली तर मात्र उत्तर निघतं.

माझ्या मते जुन्या पानांसाठी या इतिहासातला सर्वांत कामाचा निष्कर्ष हाच आहे, कारण जुन्या कागदावर दुसरी पार्श्वभूमी आयतीच असते: पाण्याचा डाग, उन्हाने करपलेली कड, कमी पिवळा पडलेला मध्य. एकच शाई डागावर आणि डागाबाहेर मोजावी. कागदाने भागलेलं मूल्य दोन्हीकडे जुळलं तर शाई पारदर्शक आहे आणि भागाकार बरोबर आहे. न भागलेलं मूल्यच दोन्हीकडे सारखं राहिलं तर शाई अपारदर्शक आहे, कागदाचा तिच्यात वाटा नाही, आणि भागाकार उलट खोटा निळेपणा घालेल. दाट काजळी शाई आणि जाड रंगद्रव्यं या दुसऱ्या गटाकडे झुकतात.

१९९८ मध्ये एटी अँड टी लॅब्जमधून आलेल्या डेजाव्यू स्वरूपाने पान तीन थरांत मोडलं: साधारण ३०० डीपीआयचा मुखवटा, १०० डीपीआयचा कागद आणि अवघा २५ डीपीआयचा शाईचा रंग. आयटीयूचं टी.४४ हे प्रमाण १९९९ मध्ये अशाच थरांवर उभं राहिलं. शाईचा रंग पानावर हळूहळूच बदलतो हे त्यातलं निरीक्षण अचूक आहे. पण त्या थरात साठतो तो कागदातून गाळून आलेला रंगच. त्याला खालच्या थराने भागण्याचं काम वाचकावर उरतं, आणि बरेच जण तो थर थेट शाईचा रंग समजून वापरतात.

प्रत्यक्ष कामात कागदाचं मूल्य स्थानिक असावं लागतं. ३०० डीपीआयला ६० ते १०० पिक्सेलची चौकट घेऊन, अक्षरं आणि त्यांच्याभोवतीचे दोन-तीन पिक्सेल वगळून उरलेल्यांचा मध्यक घ्यावा. प्रत्येक चॅनेलचं कमाल मूल्य घेऊ नये. ती तीन वेगवेगळ्या पिक्सेलमधून येतात आणि पानावर नसलेलाच कागद तयार करतात. ठळक शीर्षकाजवळ चौकट शाईनेच भरली तर कागद गडद ठरतो आणि शाई अचानक उजळते. शीर्षकाचा रंग मजकुरापेक्षा फिका निघाला की आधी चौकट तपासावी. शाईचा नमुना रेघेच्या पोटातून घ्यायचा, म्हणजे मुखवटा एक-दोन पिक्सेलने आत सोलून. बारीक अक्षरांत सोलल्यावर काहीच उरत नसेल, तर ६०० डीपीआयने पुन्हा स्कॅन करणं हाच खरा इलाज.

भटका प्रकाश दुर्लक्षू नये. वरच्या उदाहरणात रेषीय ०.०१ इतका प्रकाश स्कॅनरच्या काचेत भटकत असेल, तर तो वजा केल्यावर शाई ५२, ७७, १५० ऐवजी ४१, ६८, १४५ येते. कागदावर याचा परिणाम जवळजवळ शून्य, शाई सर्वांत गडद असलेल्या लाल चॅनेलवर सर्वाधिक. पानाशेजारी खोल काळा तुकडा ठेवून त्याचं मूल्य पाहिलं की अंदाज येतो. जेपीईजी साठवताना रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाव्याने ठेवली जाते. तेव्हा रेघेची उजळता टिकते, पण तिच्या रंगात शेजारचा पिवळा मिसळतो आणि कोणताही भागाकार तो बाहेर काढू शकत नाही. स्कॅनरची आपोआप पार्श्वभूमी पांढरी करण्याची सोय कागदाचं मूल्य २५५ वर कापते, मग भागायला कागदच उरत नाही.

लोहयुक्त शाईच्या हस्तलिखितांत आणखी एक मर्यादा आहे. ती शाई आजूबाजूच्या तंतूंनाही तपकिरी करते, त्यामुळे रेघेला चिकटून घेतलेला कागद जास्त गडद असतो. तो कागद म्हणून वापरला तर शाई फिकी निघते. तपकिरी वलयाबाहेरचा घेतला तर वलयाचा रंग शाईच्या खात्यात जातो. अशा पानांवर दोन्ही मूल्यं काढून, कोणता कागद धरला हे त्यांच्यासोबत नोंदवावं.