लिफ्टचं दार उघडं राहिलं की वाजायची ती धून

गिरगावातली मावशीची जुनी इमारत पाडून आता पाच वर्षं झाली. लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट होती तिथे. कुणी दार नीट न लावता निघून गेलं की वर-खाली सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी एक धून वाजायची आणि मग कुणीतरी ओरडायचं, "अरे, दार लावा!" परवा मावशी म्हणाली, "ती धून कसली होती रे? डोक्यात घोळतेय, पण नाव सापडत नाही." मी म्हटलं, गुणगुण. तिने गुणगुणली, आणि मध्येच अडकली.

ती जिथे अडकली, तिथूनच शोध सुरू झाला. दाराची धून दर वेळी पहिल्या सुरापासून सुरू होते आणि दार लागताच तुटते. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येकाला तिचे पहिले आठ-नऊ सूर पाठ असतात, पुढचं कुणालाच नाही. शोधणाऱ्याच्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण निदान आठवतंय ते सुरुवातीचं आहे, मधलं नाही, एवढी खात्री असते.

पहिल्या फेरीत मी स्वरांची नावं विचारलीच नाहीत. फक्त प्रत्येक सूर आधीच्या सुरापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढं लिहिलं. ही युक्ती डेनिस पार्सन्स या इंग्रज माणसाची. १९७५ मध्ये त्याने हजारो धुनांची सूची केवळ या वर-खालीच्या क्रमाने छापली. म्हणजे ज्याला स्वरलिपी येत नाही, त्यालाही धून शोधता यावी. मावशीच्या नऊ सुरांचा आलेख असा निघाला: खाली, वर, खाली, वर, खाली, वर, खाली, खाली.

एवढ्याने किती गाळता येतं? प्रत्येक पावलाला तीन शक्यता. चार सुरांत पावलं तीन, म्हणजे फक्त २७ आलेख. जगातल्या सगळ्या धुना २७ खणांत कोंबल्या तर एकेका खणात हजारो बसतील. नऊ सुरांत पावलं आठ, खण ६,५६१. पण सगळे खण सारखे भरत नाहीत. मावशीच्या धुनेची पहिली चार पावलं म्हणजे नुसता झोका आहे, दोन सुरांत येरझारा. असा झोका कुठल्याही गाण्यात सापडेल. खरी ओळख पुढच्या चार पावलांत आहे.

म्हणून दुसऱ्या फेरीला पेटी काढली. मावशीने काळी चार धरली आणि वाजवलं:

प म प म प रे म ग॒ सा

ग कोमल, म शुद्ध. वाजवून झाल्यावर तिनेच तोंड वाकडं केलं. "आहे तीच, पण काहीतरी बेसूर."

डब्ल्यू. जे. डाउलिंग या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलं होतं की नव्या धुनेचा वर-खालीचा आलेख आणि ती ज्या स्वरसप्तकात बसते ते सप्तक, या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या ध्यानात ठेवतो. आलेख पटकन पक्का होतो. सुरांमधली नेमकी अंतरं मात्र ढिली राहतात आणि कान ती ओळखीच्या सप्तकात बसवून घेतो. मावशी चाळीस वर्षं पेटी वाजवते. कोमल ग आणि प ऐकल्यावर मधला म शुद्धच असणार, असं तिच्या बोटांनी गृहीत धरलं. तिच्या आठवणीत चूक होती, पण ती आलेखात नव्हती. म शुद्ध असो वा तीव्र, प वरून म वर येणं म्हणजे खालीच.

इथे एक सावधगिरी लागते. तिला "तीव्र म वाजव" असं सांगितलं असतं, तर माझ्या शब्दाला मान देऊन ती हो म्हणाली असती. म्हणून मी तीन पर्याय वाजवून दाखवले आणि त्यांतले दोन मुद्दाम चुकीचे ठेवले. एकात प आणि ग यांच्यातच झोका होता, एकात सगळंच तिच्यासारखं पण रे कोमल, आणि तिसऱ्यात झोक्यातला म तीव्र, नंतरचा शुद्ध. आठवून गाणं अवघड, ऐकून ओळखणं सोपं. तिसरा पर्याय चौथ्या सुरापर्यंतही गेला नव्हता, तोच मावशी "हीच, हीच!" म्हणाली.

प म॑ प म॑ प रे म ग॒ सा. दोन्ही मध्यम एकाच ओळीत. आपल्या रागांत असं वाजवताना फार जपून वाजवावं लागतं, पण पाश्चात्त्य पियानोवर ही अगदी प्रसिद्ध सुरुवात आहे: बेटोव्हेनची 'फ्युर एलिझ'. त्याने ती १८१० मध्ये लिहिली, छापली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये. मूळ रचनेत सा पांढरी सहावर येतो. मावशीची काळी चार त्याच्या शेजारचीच, पण तो योगायोग. अंतरं बरोबर असली की सा कुठेही धरा. धून शोधून देणाऱ्या म्युझिपीडियासारख्या संकेतस्थळावर हाच आलेख टाकायचा झाला, तर पहिल्या सुराला तारा, खालीला D आणि वरला U धरून तो असा:

```
*DUDUDUDD
```

पण गिरगावातल्या लिफ्टमध्ये बेटोव्हेन शिरला कसा? याचं उत्तर लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात मिळतं. ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी, तीन पायांची `UM66` नावाची एक चिप असते. आत एखादी धून कायमची कोरलेली, बाहेर दोन सेल आणि छोटा स्पीकर. वाजणारी शुभेच्छापत्रं, स्वस्त घंट्या, खेळणी यांत ती भरपूर वापरली गेली. कुठली धून आहे ते नावापुढच्या आकड्यावरून कळतं, आणि `UM66T19L` मधला १९ म्हणजे 'फ्युर एलिझ'. मी एक विकत आणून मावशीपुढे वाजवली. ती म्हणाली, "आमची जरा खालच्या पट्टीत आणि रेंगाळत वाजायची." शक्य आहे. अशा चिपमध्ये सगळे सूर एकाच घड्याळातून निघतात. सेल उतरले की ते घड्याळ मंदावतं आणि वेग व पट्टी दोन्ही एकदम खाली येतात. सगळेच सूर एका प्रमाणात उतरत असल्यामुळे त्यांच्यातली अंतरं तशीच राहतात, आणि शोध त्या अंतरांवरच बेतलेला असतो.

सूर कमी असतील, तर हाच आलेख तोंडघशी पाडतो. भिंतीवरच्या टोल्याच्या घड्याळात पाव तासाला वाजणारे चार सूर घ्या. ग रे सा आणि मग मंद्र प. आलेख आहे खाली, खाली, खाली. कुठलीही उतरती तान अशीच असते. पण पेटीवर अर्धस्वर मोजले, तर दोन, दोन आणि एकदम पाच. शेवटची ही उडी पकडली, की ती १७९३ च्या सुमारास केंब्रिजच्या चर्चसाठी रचलेली आणि १८५९ पासून लंडनच्या बिग बेनसोबत वाजणारी धून आहे, हे सांगायला चार सूर पुरतात. फलाटावरच्या घोषणेआधीच्या तीन-चार सुरांनाही हाच नियम. तिथे वर-खाली लिहून भागत नाही, अंतरं मोजावीच लागतात, आणि ती गर्दीत गुणगुणून नाही तर घरी पेटीवर बसून.

मोबाइलवरचं सूर दाखवणारं अ‍ॅप इथे उपयोगी पडेल असं वाटतं, पण धातूच्या पट्टीच्या घंटीपुढे ते फसू शकतं. तारेचे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असतात. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या पट्टीचा दुसरा सूर मात्र साधारण २.७६ पट असतो. पट्टीवर आघात होताच तोच जोरात उमटला, तर अ‍ॅप भलताच स्वर दाखवतं. थोडं थांबून, नाद विरत असतानाचा आकडा घ्यावा.

हे सगळं ऐकून मावशीने तिच्या नव्या फ्लॅटच्या दाराकडे बोट केलं. "मग ही टिंग-टाँग कुठल्या गाण्यातली?" ग आणि सा, एवढंच. आत एक लोखंडी दांडा आहे. बटण दाबलं की तो चुंबकाने ओढला जाऊन पहिल्या पट्टीवर आपटतो, बोट काढलं की स्प्रिंगने मागे येऊन दुसरीवर. दोन सुरांमध्ये किती वेळ जावा, हे येणाऱ्या पाहुण्याच्या बोटावर. शेजारचा छोटा मुलगा बोट दाबूनच धरतो, म्हणून त्याची घंटी नुसती टिंग वाजते आणि मावशी दार उघडायला जाईपर्यंत टाँग येतच नाही.