लोणारचं वय किती? संदर्भ: विकिपीडिया

मागच्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. लोणार सरोवराच्या दोन प्रतिकृती शेजारीशेजारीच मांडल्या होत्या. दोन्हींत प्लास्टरचा खळगा, हिरवट पाणी आणि काठावर भुशाची झाडी. एका तक्त्यावर लिहिलं होतं, ‘वय: ५२,००० वर्षं’. दुसऱ्यावर ‘वय: ५,७०,००० वर्षं’. तळाशी दोघांचीही ओळ एकच: ‘संदर्भ: विकिपीडिया’.

‘अरे, तुमच्यातलं बरोबर कोण?’ म्हणून विचारलं, तर एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘सर, दोन्ही आकडे तिथे आहेत.’ तिचं खरं होतं. विकिपीडियाच्या इंग्रजी लेखात तेव्हा दोन्ही आकडे एकाच वाक्यात येत होते. एकाने वाक्याचा पहिला अर्धा उचलला, दुसरीने दुसरा.

अशा वेळी शिक्षक सहसा सांगतात, ‘विकिपीडियावर कुणीही काहीही लिहितं, तो वापरू नका.’ मला हे कारण अर्धवट वाटतं. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ साली विज्ञानाच्या ४२ विषयांवरचे विकिपीडियातले आणि ब्रिटानिकातले लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. दर लेखामागे विकिपीडियात सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने त्या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतले, तो वाद वेगळा. पण तेव्हाही फरक लोक समजतात तेवढा नव्हता. मुद्दा असा की संशोधनाच्या निबंधात ब्रिटानिकाचाही आधार चालत नाही, आणि आपल्या मराठी विश्वकोशाचाही नाही, जरी विश्वकोशातल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि संदर्भ असतात. कोश कुठलाही असो, तो तिसऱ्या हाताचा माल आहे. खडक कुणीतरी मोजला, त्यावर कुणीतरी लिहिलं, आणि कोशाने त्या लिहिलेल्याचा सारांश केला. ‘हे तुला कसं कळलं?’ असं कोशाला विचारलं, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. संदर्भ द्यायचा तो ज्याच्याकडे बोट जातं त्याचा.

विकिपीडियात यावर आणखी एक अडचण आहे. मजकूर हलता असतो. आज वाचलेलं वाक्य उद्या तिथे असेलच असं नाही. म्हणून ‘संदर्भ: विकिपीडिया’ या ओळीवरून वाचणाऱ्याला काहीच पडताळता येत नाही. कुठल्या दिवशीचा, कुठल्या भाषेतला, कुणी बदललेला मजकूर?

बोट दाखवलेल्या जागी खरंच कुणी उभं आहे का, हे न पाहिल्यास काय होतं, त्याचा नमुना आपल्या घराजवळचाच आहे. जुलै २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘Bicholim conflict’ नावाचा लेख आला. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीवरून झालेल्या युद्धाची ती सविस्तर हकीकत होती. काही हजार शब्द, तळाशी पुस्तकांची नावं, पृष्ठक्रमांक, सगळं नीटनेटकं. दोनेक महिन्यांत त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जाही मिळाला. डिसेंबर २०१२मध्ये एका चिकित्सक संपादकाने तळटीपांमधली पुस्तकं शोधायला घेतली, तेव्हा लक्षात आलं की ती अस्तित्वातच नाहीत. युद्ध तर नव्हतंच.

इथला कुठलाही शाळकरी वाचक पहिल्याच ओळीला अडखळला असता. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य कुठलं आणि पोर्तुगीजांशी त्याचं युद्ध कुठलं? पण लेखाला दर्जा देणाऱ्यांनी बहुधा तळटिपा आहेत की नाहीत एवढंच पाहिलं, त्या उघडल्या नाहीत. पाच वर्षं हा लेख उभा होता तो तळटिपांच्या रुबाबावर.

बरं, पुस्तक खरोखर अस्तित्वात आहे, एवढं पाहून तरी भागतं का? नाही. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या लेखात गंमत म्हणून घुसडलं की याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असंही म्हणतात. तसं कुणीच म्हणत नव्हतं. पण पत्रकारांनी विकिपीडिया पाहून ते नाव छापलं, आणि पुढे विकिपीडियात त्याच वाक्याला एका ब्रिटिश वर्तमानपत्राची तळटीप लागली. आता तळटीप खरी, वर्तमानपत्र खरं, बातमीही खरोखर छापलेली, फक्त तिचा उगम त्याच लेखात. असं वर्तुळ ओळखायची युक्ती साधी आहे: तारखा लावून पाहायच्या. लेखाच्या वर ‘इतिहास पहा’ असा दुवा असतो. त्यात मागे मागे जाऊन ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते शोधायचं. वाक्य आधीचं आणि त्याचा आधार नंतरचा निघाला, तर सावध व्हायचं. आधार वाक्यापेक्षा जुना असेल, तरच त्याला साक्षीदार मानायचं.

आता लोणारकडे वळू. त्या मुलीला मी जे करायला सांगितलं, ते घरी येऊन स्वतःही केलं. एक संध्याकाळ गेली.

लेखातल्या ५,७०,००० या आकड्याशेजारच्या छोट्या अंकावर टिचकी मारली की तळटीप उघडते. ती ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकातल्या २०११च्या शोधनिबंधाकडे नेते. पहिला लेखक फ्रेड जूर्दां, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. अशा निबंधाला १० या अंकाने सुरू होणारा एक कायमचा क्रमांक असतो. तो `https://doi.org/` याच्यापुढे चिकटवला की मूळ निबंधाच्या पानावर पोचता येतं. नियतकालिकाने पत्ता बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. पूर्ण निबंध पैसे भरल्याशिवाय दिसला नाही, तर गूगल स्कॉलरवर शीर्षक टाकून `All versions` पाहायचं. बरेचदा लेखकाने स्वतःच कुठेतरी प्रत ठेवलेली असते. नाहीतर लेखकाला पत्र लिहायचं. आपलं काम कुणीतरी वाचू इच्छितं याचा संशोधकांना आनंदच होतो.

निबंध उघडला की पहिली गोष्ट दिसते ती आकड्याची शेपटी: ५,७०,००० ± ४७,०००. तक्त्यावर येईपर्यंत ही शेपटी गळून पडली होती. दुसरी गोष्ट म्हणजे मोजायची रीत. उल्का आदळली तेव्हा दख्खनचा बसाल्ट वितळून काच झाली. खडकातल्या पोटॅशियमच्या एका प्रकारापासून अतिशय सावकाश आर्गॉन वायू बनत असतो. खडक वितळला की साठलेला आर्गॉन निसटतो आणि घड्याळ शून्यावर येतं. नंतर काचेत किती आर्गॉन जमला ते मोजलं की वय निघतं. पण दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. वितळताना जुना आर्गॉन पुरता निसटला नसेल, तर काच खऱ्या वयापेक्षा म्हातारी दिसणार. या वारशाने आलेल्या आर्गॉनचा विचार निबंधाच्या लेखकांनीही केला आहे.

५२,००० हा आकडा १९९७ सालचा, ब्राझीलमधल्या एका नियतकालिकातला, त्यालाही ± ६,००० अशी शेपटी. तिथली रीत साफ वेगळी: काच तापवायची आणि तिच्यात साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन किती बाहेर पडते ते पाहायचं. म्हणजे दोन तक्त्यांवरचे आकडे ही एकाच मोजमापातली मोठी आणि छोटी चूक नव्हती. दोन वेगळ्या घड्याळांनी दाखवलेल्या त्या दोन वेळा होत्या.

इथवरचा प्रवास मागच्या दिशेने झाला. पण तळटिपा एवढ्यावर थांबतात, आणि बहुतेक लोकही इथेच थांबतात. आपण पुढच्या दिशेनेही जायला हवं. गूगल स्कॉलरवर २०११च्या निबंधाखाली `Cited by` असा दुवा दिसतो. त्यावर टिचकी मारली की हा निबंध वाचून नंतर कुणी काय लिहिलं त्याची यादी येते. त्यातच २०१४चा एक निबंध सापडतो, पहिला लेखक नाकामुरा. या चमूने तिसरंच घड्याळ वापरलं. उघड्या खडकावर अंतराळातून येणारे किरण आदळतात आणि त्यात बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचे काही दुर्मीळ प्रकार तयार होतात. त्यांचं प्रमाण सांगतं की तो पृष्ठभाग किती काळ उघडा आहे. त्याला त्यांनी आघाताआधीच्या मातीच्या कार्बन कालमापनाची जोड दिली. उत्तर आलं ३७,५०० ± ५,००० वर्षं. आणि ते सरळ म्हणतात की आर्गॉनचं वय वारशाने आलेल्या आर्गॉनमुळे फुगलेलं असावं.

म्हणजे पुन्हा लहान आकडा. पण याही घड्याळाला खोट आहे. खडकाची वरची पापुद्री झिजून गेली की खालचा ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि वय कमी भरतं. लोणारचा काठ झिजतोय, असं हेच लेखक सांगतात. मातीचा पुरावा मात्र वजनदार वाटतो. पाच लाख वर्षं जुन्या मातीत मोजण्याजोगा किरणोत्सारी कार्बन उरायलाच नको, कारण ती पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. अर्थात नंतरच्या काळातला ताजा कार्बन जुन्या मातीत मिसळू शकतो, ही शंका जाणकार घेतातच. मला विचाराल तर माझा कल लहान आकड्याकडे आहे, पण माझ्या कलाला तक्त्यावर जागा नाही.

यात विकिपीडियाचा उपयोग किती झाला? बराच. तो नसता तर ब्राझीलमधल्या नियतकालिकापर्यंत मी जन्मात पोचलो नसतो. सुरुवातीची नावं, वर्षं, शोधायचे शब्द त्यानेच दिले. इंग्रजी आणि मराठी पानं शेजारी उघडून पाहिली तर आणखी फायदा होतो. दोन्हीकडे आकडा वेगळा दिसला, की नेमकं तिथेच खणायचं हे कळतं. मराठी पानावर एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण दिसली तर तीही कामाची. तात्पुरतं तरी ते वाक्य तिथे नाहीच असं धरायचं.

एक सापळा मात्र राहतो, आणि त्यात मी स्वतः अडकलेलो आहे. विकिपीडियातलं वाक्य वाचायचं, त्याची तळटीप उचलून आपल्या लेखाखाली लावायची, आणि मूळ निबंध उघडायचाच नाही. दिसायला संदर्भ भारदस्त, आत मात्र तोच तिसऱ्या हाताचा सारांश. निबंध खरा असतो, पण ते वाक्य त्यात असतंच असं नाही. कधी आकडा दुसऱ्याच गोष्टीचा असतो, कधी ‘असू शकेल’चं ‘आहे’ झालेलं असतं. म्हणून उघडलेल्या निबंधाचाच संदर्भ द्यायचा, आणि तो आकडा कुठल्या पानावर पाहिला ते वहीत लिहून ठेवायचं.

काही आठवड्यांनी त्या मुलीने नव्या तक्त्याचा फोटो पाठवला. वयाच्या रकान्यात आता एक आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं: ‘५२,००० ± ६,००० (प्रकाश, १९९७), ५,७०,००० ± ४७,००० (आर्गॉन, २०११), ३७,५०० ± ५,००० (उघडा खडक आणि माती, २०१४). वाद चालू.’ शेजारी तिने विचारलं होतं, ‘सर, १९९७चा निबंध मला पूर्ण मिळाला नाही, फक्त त्याचा उल्लेख २०११च्या निबंधात वाचला. तसं लिहू का?’

मी कळवलं, तसंच लिही.