सेजचा चहा आणि रोझमेरीचा चहा: थुजोन एकात आहे, दुसऱ्यात नाही, आणि तरीही

म्हापशात औषधांच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे दोन वाक्यं सारखी कानावर येतात. "फिट येणाऱ्यांनी सेज आणि रोझमेरी दोन्ही टाळावं, दोन्हींत थुजोन असतं." आणि त्याच्या उलट टोकाचं, "रोझमेरीत थुजोन नसतं, म्हणजे ती कुणालाही चालते." थुजोन म्हणजे झटका, म्हणजेच फिट, आणू शकणारं वनस्पतीतलं रसायन. दोन्ही वाक्यं चूक. पहिल्यात माहिती चुकलेली आहे, दुसऱ्यात माहिती बरोबर असून निष्कर्ष चुकलेला आहे, आणि माझ्या मते दुसरी चूक जास्त त्रासाची.

ओळखायला फार कष्ट नाहीत. रोझमेरीचं पान सुईसारखं, सेजचं रुंद, राखाडी आणि मखमली. अडचण येते ती वाळून चुरा झाल्यावर किंवा टी-बॅगमध्ये. तेव्हा पाकिटावरचं शास्त्रीय नाव वाचायचं. साल्व्हिया ऑफिसिनॅलिस म्हणजे सेज. रोझमेरीचं पूर्वीचं नाव रोझमरिनस ऑफिसिनॅलिस, पण 2017 नंतर तिलाही साल्व्हिया वंशात घेतलं आणि नव्या पाकिटांवर साल्व्हिया रोझमरिनस छापून येऊ लागलं. "साल्व्हिया" एवढंच वाचून थांबू नका, पुढचा शब्द वाचा. इथल्या हरमल गावाच्या बाजूला धूर करायला पांढऱ्या सेजच्या जुड्या विकतात, ती तिसरीच वनस्पती. तिचा चहा करू नका, एवढं पुरे.

आता थुजोन. सेजच्या सुगंधी तेलातला हा मोठा घटक आहे, बऱ्याचदा तेलाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत ठेवतं. थुजोन त्याच्या वाटेत अडथळा आणतं, पेशी अनावर होतात आणि झटका येऊ शकतो. फिटवरच्या क्लोबाझाम, फिनोबार्बिटलसारख्या गोळ्या हाच गाबाचा परिणाम वाढवतात. म्हणजे एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने सेज घेणं ही सरळ ओढाताण झाली. रोझमेरीच्या तेलात थुजोन जवळजवळ नसतंच.

पण खरा प्रश्न कोणत्या झाडाचा, यापेक्षा पान की तेल, हा आहे. इथेच लोक फसतात, म्हणून जरा हिशोब करू. एका कपाला दीड ग्रॅम वाळलेलं सेज धरा. पानात साधारण एक टक्का तेल, म्हणजे 15 मिलिग्रॅम. त्यातलं 30 टक्के थुजोन धरलं तर साडेचार मिलिग्रॅम. हे पानात आहे तेवढं, पाण्यात त्यातलं काहीच उतरतं, कारण थुजोन पाण्यात नीट विरघळत नाही. युरोपच्या औषध नियामकांनी सेजच्या औषधी वापरासाठी थुजोनची दिवसाची मर्यादा 6 मिलिग्रॅम ठरवली आहे. निरोगी माणसाचा एक कप त्यात बसतो. तीन कप बसतील की नाही, हे त्या पानावर अवलंबून. जात, कापणीचा हंगाम, पान किती जुनं, यावर थुजोन पुष्कळ बदलतं, आणि चवीवरून ते कळत नाही. आपल्याकडे चहा उकळत ठेवायची सवय असते, त्याने हिशोब आणखी बिघडतो: काही थुजोन जास्त उतरतं, काही वाफेबरोबर उडून जातं.

आता तेलाचा थेंब. एक थेंब सुमारे 40 मिलिग्रॅम. त्यातलं 30 टक्के म्हणजे 12 मिलिग्रॅम थुजोन. एकाच थेंबात दोन दिवसांची मर्यादा, आणि इथे पाण्यात किती उतरतं हा प्रश्नच नाही, सगळं पोटात जातं. "कोमट पाण्यात सेज तेलाचे दोन थेंब टाका" हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सेजचं तेल चुकून पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

रोझमेरीकडे वळू. तिच्या तेलात कापूर असतो, प्रकारानुसार पाच ते वीस टक्के. कापूरही झटके आणू शकतो. दोन ग्रॅम पानांच्या कपात मात्र तो जेमतेम पाच मिलिग्रॅम, तोही सगळा पाण्यात उतरला तर. म्हणून कधीमधी एक कप किंवा बटाट्यावर चार पानं यावर मी आकांडतांडव करणार नाही. (खरं सांगायचं तर रोझमेरीची जागा बटाट्यावरच आहे, कपात नाही.) फिट येणाऱ्या माणसाने तिचं तेल मात्र पिऊ नये, वाफ घेऊ नये, डोक्याला चोळूही नये. केसांसाठी सध्या ते घरोघर आलं आहे. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांतून नीलगिरी आणि कापराच्या तेलांशी जोडलेल्या झटक्यांच्या नोंदी 2021 मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. देव्हाऱ्यातला कापूरही तोच, आणि त्याचा एक ग्रॅम लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

काउंटरवर येणारा नेहमीचा प्रसंग असा. पन्नाशीच्या वहिनी, पाळी थांबताना अंगातून गरम झळा, दरदरून घाम. सेज घाम कमी करतो म्हणून त्या कप घेतात, आणि तो वापर जुनाच आहे. त्यांना पूर्वी फिट आलेली असेल, गोळ्या सुरू असोत वा बंद, तर मी सेज नको म्हणतो. नसेल तर दिवसाला एक कप, झाकून दहा मिनिटं, दोनेक आठवड्यांसाठी. पण सेज जास्त झाला तर पहिली लक्षणं म्हणजे अंग गरम होणं, छाती धडधडणं, चक्कर. ज्या झळांसाठी चहा सुरू केला, हुबेहूब त्याच! म्हणून बाई तिसरा-चौथा कप घेते. पंधरा ग्रॅमच्या वर पानं घेतल्यावर झटक्यापर्यंत गेल्याचं नोंदवलेलं आहे. झळा वाढल्या तर कप वाढवू नका, आधी बंद करून बघा.

घशासाठी हवा असेल तर गुळण्या करा आणि थुंका, पिऊ नका. फिटवाल्यांनी तेवढ्यासाठी मिठाचं पाणी वापरावं, घशाचं त्यानेही भागतं.

गरोदरपणात सेजचा चहा आणि तेल दोन्ही नको. पाळी आणण्यासाठी त्याचा जुना लौकिक आहे, आणि माणसांत सुरक्षित प्रमाण किती हे ठरवणारा भरवशाचा अभ्यास नाही. रोझमेरीचं पान स्वयंपाकात चालतं, औषध म्हणून रोज कप मात्र मी देणार नाही, कारण तिथेही पुरेशी माहिती नाही. बाळंतिणीचं वेगळंच. सेज अंगावरचं दूध आटवायला पूर्वापार दिला जातो. ज्या बाईला दूध कमी पडतंय तिला "हर्बल आहे" म्हणून सेजचा कप देणं म्हणजे उलटं औषध. बाळाचं दूध तोडायचं असेल तेव्हाही डॉक्टरांना विचारूनच, कारण थोडं थुजोन दुधातून बाळाकडे जाण्याची शक्यता राहतेच.

तेल पोटात गेलंच तर उलटी करवू नका, झटका कधीही येऊ शकतो. बाटली सोबत घेऊन 108 ला फोन करा. झटका आलाच तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका.